‘हे सहज दिसते’ या एका ओळीने खाल्लेले अकरा दिवस

कार्टेशियन गुणाकाराची व्याख्या मला दहा मिनिटांत कळली. G आणि H असे दोन ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, घ्यायचे, प्रत्येकातला एक-एक बिंदू घेऊन जोडी (g, h) बनवायची, आणि दोन जोड्यांमध्ये कड तेव्हाच काढायची जेव्हा एक घटक तोच राहतो आणि दुसरा आपल्या ग्राफमधल्या शेजाऱ्यावर सरकतो. दोन्ही एकदम सरकले की कड नाही, म्हणजे तिरकी चाल बंद. G □ H मधला तो चौकोन म्हणजे एका कडेचा एका कडेशी केलेला गुणाकारच, कर्ण नसलेला. हे चिन्ह पाहिलं की व्याख्या विसरणं कठीण.

अडलो ते रंगांपाशी. कडेने जोडलेल्या दोन बिंदूंना वेगळे रंग द्यायचे, आणि त्यासाठी कमीत कमी जितके रंग लागतात तो आकडा म्हणजे χ(G). नोट्समध्ये सूत्र होतं: χ(G □ H) = max(χ(G), χ(H)). गेर्ट सॅबिडुसी यांचा १९५७ चा निकाल. त्याखाली पुराव्याच्या जागी लिहिलं होतं, ‘हे सहज दिसते.’ मला दिसत नव्हतं. माझ्या मनात साधा हिशोब होता: G ला २ रंग, H ला ३ रंग, तर जोडीला रंगांची जोडी द्या, झाले ६. हे रंगकाम चुकीचं नाही, पण सूत्र म्हणतं ३ पुरतात. निम्मे रंग कुठे गेले?

मग ग्रिडपासून सुरुवात केली. साधी आयताकृती ग्रिड, म्हणजे दोन सरळ मार्गांचा गुणाकार. तिला बुद्धिबळाच्या पटासारखे २ रंग पुरतात, ओळीचा क्रमांक i आणि स्तंभाचा j धरून i + j सम की विषम एवढंच बघायचं. पुढे ५ बिंदूंचं चक्र गुणिले ५ बिंदूंचं चक्र, म्हणजे समोरासमोरची टोकं गुंडाळून जोडलेली ५ × ५ ग्रिड. इथे २ रंग चालत नाहीत, कारण एकेक ओळच विषम चक्र आहे. म्हणून (i + j) mod 3 करून पाहिलं आणि ते चाललं! स्वतःवर इतका खूश झालो की पुरावा म्हणून तेच लिहून टाकलं.

दोन दिवसांनी ४ × ५ करून पाहिलं. ४ च्या चक्राला २ रंग, ५ च्या चक्राला ३, म्हणजे ३ पुरायलाच हवेत. माझ्या नियमाने हे आलं:

```
० १ २ ० १
१ २ ० १ २
२ ० १ २ ०
० १ २ ० १
```

शेवटची ओळ हुबेहूब पहिली. गुंडाळल्यावर या दोन ओळी शेजारी येतात, म्हणजे पाचच्या पाच जागी टक्कर. पुढचा आठवडाभर मी सूत्रच चुकलंय असं समजून वैतागलो. रंग हातानेच बदलत बसलो, एक टक्कर मिटवली की दुसरीकडे नवी.

चूक अशी होती की मी बेरीज करत होतो बिंदूंच्या क्रमांकांची. करायची होती ती रंगांची. आधी प्रत्येक चक्र स्वतंत्रपणे नीट रंगवायचं: ४ चं ०, १, ०, १ आणि ५ चं ०, १, ०, १, २. मग रंगांची बेरीज करून ३ ने भागल्यावर उरणारी बाकी घ्यायची:

```
० १ ० १ २
१ २ १ २ ०
० १ ० १ २
१ २ १ २ ०
```

कडेकडेने तपासा, गुंडाळलेल्या कडांसकट. एकही टक्कर नाही. ५ × ५ ला माझा नियम चालला तो निव्वळ योगायोग: ५ च्या चक्रावर क्रमांकाची बाकी ०, १, २, ०, १ येते, आणि तेही योग्य रंगकाम निघतं. ४ वर ०, १, २, ० येतं आणि टोकं आपटतात. ७ वरही तसंच. म्हणून आपला नियम ५ × ५ वर तपासून समाधान मानू नका, ४ किंवा ७ घ्या.

कारण दोन वाक्यांत मावतं, म्हणूनच त्या ओळीचा राग अजून जात नाही. कडेवर एकच घटक हलतो, समजा G मधला: त्याचा रंग a वरून a′ होतो, H चा रंग b तसाच राहतो. k म्हणजे χ(G) आणि χ(H) यांतला मोठा आकडा धरला तर a + b आणि a′ + b यांची k ने भागल्यावरची बाकी सारखी येणार नाही, कारण a आणि a′ वेगळे आहेत आणि दोन्ही ० ते k − 1 मध्येच आहेत. k पेक्षा कमी रंग चालणार नाहीत, कारण G आणि H दोघांच्याही अख्ख्या प्रती गुणाकारात बसलेल्या असतात.

अंतराचं सूत्र मी आधीच ओलांडलं होतं, पण त्याचंही मूळ हेच आहे हे नंतर ध्यानात आलं. एका पावलात एकच घटक हलतो, म्हणून वाटेतली पावलं G ची आणि H ची अशी सरळ वाटली जातात, आणि दोन्हीकडची किमान पावलं बेरजेला येतात: अंतर = G मधलं अंतर + H मधलं अंतर. तिरकी चाल चालत असती तर बेरजेऐवजी दोहोंतलं मोठं आलं असतं. मात्र गुंडाळलेल्या ग्रिडवर क्रमांकांची नुसती वजाबाकी करू नका. ४ × ५ वर (0, 0) पासून (2, 3) पर्यंत मी २ + ३ = ५ लिहिलं होतं. ५ च्या चक्रात ० पासून ३ पर्यंत उलट्या बाजूने दोनच पावलं आहेत, म्हणून उत्तर ४.