स्पीकरवर ऐकू जातं, कानाला लावलं की नाही

दिवाळीनंतर जिनिंग जोरात चालू झाल्या की चोपड्याकडून दुकानात येणाऱ्या फोनांच्या छिद्रांत कापसाची तूस हमखास सापडते. त्या दिवशी आलेला गडी जिनिंगमध्येच कामाला. म्हणाला, "काय भो, घरातून बोललो तर बारीक का होईना ऐकू जातं, जिनिंगमधून तर समोरचा नुसता हॅलो हॅलो करतो. माईक बदलून टाका."

माईक गेला असता तर जागा बदलून फरक पडला नसता. म्हणून आधी ब्लूटूथ बंद करून साधा कॉल लावला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. तोच कॉल स्पीकरवर टाकला, तर खणखणीत. या मॉडेलमध्ये स्पीकरवर वरचा माईक काम करतो, कानाला लावल्यावर चार्जिंगच्या खाचेशेजारचा खालचा. म्हणजे नेटवर्क ठीक, वरचा माईक ठीक, दोष खालच्या वाटेत.

जिनिंगचं कोडंही इथेच सुटतं. कॉल चालू असताना फोन दोन्ही माईकांची तुलना करत असतो. तोंड खालच्या माईकजवळ असतं, म्हणून तिथे मोठा येणारा आवाज तो बोलणं धरतो. दोन्हीकडे सारखा येणारा तो गोंगाट समजून दाबतो. खालचं छिद्र बुजलं की आपलं बोलणंही दोन्हीकडे जवळपास सारखंच पोचतं, आणि गोंगाटासोबत तेही कापलं जातं. भोवती जितका गलका, तितकी ही कात्री जोरात.

कव्हर काढून रेकॉर्डर लावला. दहा आकडे मोजले, मधले चार खालच्या छिद्रावर बोट ठेवून. ऐकताना फरकच नाही. छिद्र उघडं असतं तर बोट ठेवल्याबरोबर आवाज पडला असता. भिंगाखाली पाहिलं, तर घामात भिजून नमद्यासारखी घट्ट बसलेली तूस, आणि मधोमध टाचणीचा खड्डा.

"टाचणी घातली होती का?"

"सिमची पिन. थोडीशीच."

हेच नको असतं. आत बारीक जाळी असते. पिनेने ती फाटते आणि कचरा थेट माईकच्या तोंडाशी जातो. घरी करायचं तर छिद्र जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावं, बस. फुंकर मारली की तूस आत सरकते.

ब्रशने वरचा थर निघाला, पण आवाज अर्धाच सुधारला. मग फोन उघडला. जाळी आत दुमडलेली, तूस रबरी टोपीत अडकलेली. चिमट्याने काढली, जाळी नवी चिकटवली, टोपी नीट बसवली. ती तिरकी बसली तर फोनच्या आतली खरखर माईकात शिरते. पुन्हा दहा आकडे मोजले. बोट ठेवलं तसा आवाज पडला. माईक जुनाच राहिला.

कव्हर परत घालताना दिसलं, की ते दुसऱ्याच मॉडेलचं. त्याचं छिद्र फोनच्या छिद्रापासून दोन मिलिमीटर बाजूला. ब्लेडने वाढवून दिलं.