हाताखाली झाकलेला परिच्छेद

"निबंधात आपल्या भागातली उदाहरणं द्या, असं तुम्ही नेहमी सांगता. पण ते उदाहरण खरंच कामाचं आहे की नुसतं शोभेचं, हे ओळखायचं कसं?"

तुम्ही विचारलंत म्हणून एका निबंधाचीच गोष्ट सांगतो. नागपुरातल्या माझ्या एका विद्यार्थिनीने वसाहतकाळातील हातमागाच्या ऱ्हासावर लिहिले होते. मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने येथील विणकर देशोधडीला लागला, हे तिचे प्रतिपादन होते, आणि त्याच्या पाठोपाठ हा परिच्छेद आला : "उदाहरणार्थ, नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली." पुढे मिलच्या नावाची हकीकत होती. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून त्याच दिवशी घोषित करण्यात आले, म्हणून हे नाव. माहिती अगदी बरोबर होती.

मी त्या परिच्छेदावर तळहात ठेवला आणि तिला आधीचे व नंतरचे वाक्य सलग वाचायला सांगितले. वाचताना ती कुठेच अडखळली नाही. मधला मजकूर नसल्याची खूण युक्तिवादात कोठेच दिसत नव्हती, आणि माझा पहिला संशय नेहमी येथूनच सुरू होतो. मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण चांगले उदाहरणही कधीकधी पुढच्या वाक्याशी जोडायचे राहून गेलेले असते. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हे उदाहरण दाव्याच्या बाजूचे तरी आहे का? येथे ते नव्हते. एम्प्रेस मिल मँचेस्टरची नव्हती, एका हिंदी उद्योजकाची होती, आणि विलायती कापडाचा लोंढा तर तिच्या कितीतरी आधीपासून येत होता. तेव्हा मिल हा मँचेस्टरच्या माऱ्याचा पुरावा ठरत नाही. ती फार तर वेगळ्याच स्पर्धकाच्या आगमनाची नोंद ठरते. "उदाहरणार्थ" या शब्दाने हा सांधा झाकला होता. (हा शब्द खोडून त्या जागी "म्हणजेच" किंवा "कारण" लिहून पाहावे, वाक्य लंगडू लागले की दुखणे कोठे आहे ते कळते.)

पण ते उदाहरण काढून टाक, असे मी तिला सांगितले नाही. मिलमध्ये सूत निघत होते आणि कापडही निघत होते. यांपैकी कशाने कोणाचे पोट मारले, एवढेच तिला शोधायला सांगितले. येथून निबंध बदलला. घरोघरी चरख्यावर सूत काढणाऱ्या बायकांचा धंदा गिरणीच्या सुतापुढे टिकणे कठीण होते. विणकराला मात्र तेच सूत कच्चा माल म्हणून स्वस्तात मिळू लागले. नागपूर-उमरेडकडचे कोष्टी रेशीमकाठाची धोतरे आणि लुगडी विणत, आणि तशा काठाला जे गिऱ्हाईक होते ते गिरणीच्या साध्या कापडावर सहजी समाधान मानणारे नव्हते. मध्य प्रांताच्या विणकरांवर काम केलेल्या इतिहासकारांनीही हेच दाखवले आहे की हातमाग येथे एका फटक्यात मेला नाही, तो गिरणीच्या सुतावर बराच काळ तगला.

म्हणजे नागपूरने तिच्या मूळ वाक्याला आधार दिला नाही, त्याचे दोन तुकडे केले : सूतकताई गेली, विणकाम मात्र रूप बदलून राहिले. आता हाच परिच्छेद झाकला तर पुढचे वाक्य उभे राहत नाही. आणि त्यातून तिच्या मनात नसलेला प्रश्नही निघाला, की रेशीमकाठ विणणारा कोष्टी आणि गावोगावी जाडेभरडे कापड विणणारा महार विणकर यांचे नशीब एकच होते का. "विणकर" हा एकच शब्द दोघांना पुरेल का, याची शंका दुरून, दिल्लीच्या पाठ्यपुस्तकातून, सहसा येत नाही. आपल्या भागातले उदाहरण घेण्याचा खरा फायदा मला येथे दिसतो.

याची एक मर्यादा मात्र मी तिला लगेच दाखवली. दुसऱ्या मसुद्यात उत्साहाच्या भरात तिने लिहिले होते की नागपूरवरून हातमागाच्या ऱ्हासाचा सिद्धांत खोटा ठरतो. एका शहरावरून एवढे म्हणता येत नाही. बंगालची परिस्थिती वेगळी होती, तेथील निर्यातीची बाजारपेठच गेली, आणि नागपूरच्या विणकराचे गिऱ्हाईक मुख्यतः देशातलेच होते. दावा कोठवर चालतो याची हद्द आखण्यापुरतेच नागपूर उपयोगी पडते. तिने "खोटा ठरतो" खोडून "सर्वत्र सारखा लागू होत नाही" असे लिहिले आणि त्यापुढे निर्यात व देशातली मागणी यांतील फरकाचे एक वाक्य घातले.

राणीच्या घोषणेचा तो योगायोग तिला फार आवडला होता. शेवटच्या मसुद्यातही तो एका ओळीत शिल्लक होता. मी त्यावर पुन्हा तळहात ठेवला. ती हसली आणि तिनेच ती ओळ खोडली.