टोकियोच्या हॉटेलातला टीव्ही आणि आपली फायर स्टिक

आई-बाबांना घेऊन जपानला गेलो तेव्हा फायर टीव्ही स्टिक सोबत घेतली होती. दिवसभर चालून आल्यावर दोघांना संध्याकाळी मराठी काहीतरी हवं असायचं, आणि असाकुसातल्या आमच्या हॉटेलचा टीव्ही जपानीतच बोलत होता. त्या टीव्हीत नेटफ्लिक्स, यूट्यूबची ॲप्स होती, पण दुसऱ्याच्या टीव्हीवर आपलं खातं उघडायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. लॉगआउट राहून गेलं तर खोलीत येणाऱ्या पुढच्या पाहुण्याला आपलं खातं उघडं मिळतं. स्टिक निदान आपल्यासोबत परत येते.

पुण्यात असतानाच स्टिक ॲमेझॉन खात्याला जोडून अपडेट करून घेतली आणि खरेदीसाठी पिन लावला. बाकीची ॲप्स टाकली, पण त्यांत साइन इन केलं नाही. बॅग हरवली तर जितकी कमी खाती उघडी, तितकं बरं.

जोडणी सोपी होती. टीव्हीच्या बाजूला एचडीएमआय पोर्ट मोकळा होता. रिमोटवर 入力切換 असं लिहिलेलं बटण म्हणजे इनपुट बदलायचं. वीज मात्र टीव्हीच्या यूएसबीतून घेतली नाही. तिथे बहुतेक वेळा अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो. वीज कमी पडली की ती मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते आणि आपण उगाच वाय-फायला दोष देतो. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. स्टिकच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे फक्त पिनेचा ॲडॉप्टर लागला.

खरं काम वाय-फायपाशी होतं. यादीत सारख्याच नावांची दोन नेटवर्क दिसत होती, म्हणून खाली जाऊन रिसेप्शनवर नाव विचारून आलो. हॉटेलच्या वाय-फायला नुसता पासवर्ड पुरत नाही, आधी एक पान उघडतं आणि त्यावर खोली क्रमांक नि आडनाव द्यावं लागतं. नेटवर्क निवडल्यावर फायर स्टिक ते पान स्वतःच उघडते, पण आमच्याकडे ते उघडेना. स्टिक रीस्टार्ट केली, तरी नाही. Settings, मग My Fire TV, About आणि Network असं गेल्यावर स्टिकचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्या यंत्राला ओळखायचा क्रमांक, दिसतो. तो कागदावर उतरवून रिसेप्शनला दिला. त्यांनी त्यांच्या यंत्रणेत नोंदवल्यावर पानाविनाच जोडणी झाली. प्रत्येक हॉटेल हे करेलच असं नाही. त्यांनी नाही केलं तर फोनचा हॉटस्पॉट हा उपाय आहे, पण एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, तेव्हा चित्राचा दर्जा आधी कमी करावा. आणि वाय-फायच्या पानाने जीमेल किंवा फेसबुकचा पासवर्ड मागितला, तर ते पान सरळ बंद करावं.

नेटफ्लिक्स उघडल्यावर ईमेल-पासवर्ड रिमोटने टाकण्याऐवजी मी फोनवरून साइन इन करण्याचा पर्याय घेतला. टीव्हीवर netflix.com/tv8 हा पत्ता आणि एक कोड आला. फोनचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर, तो पत्ता स्वतः टाइप केला आणि कोड भरला. पासवर्ड हॉटेलच्या वाय-फायवरून गेलाच नाही, आणि खोलीत कोणाला दिसलाही नाही. बाबांनी विचारलं, "असा कोड कुणी फोन करून भरायला सांगितला तर?" तर अजिबात भरायचा नाही. आपण कोड भरतो तेव्हा तो कोड ज्या टीव्हीवर दिसतो त्या टीव्हीला आपलं खातं मिळतं. म्हणून कोड फक्त आपल्या समोरच्या पडद्यावरचाच भरायचा.

पुढे आणखी एक अडथळा आला: हा टीव्ही तुमच्या घरातला नाही, असा संदेश. प्रवासात असल्याचा पर्याय निवडला की तात्पुरता कोड ईमेलवर किंवा एसएमएसने येतो आणि १५ मिनिटांत संपतो. मी ईमेल निवडला. एसएमएसवर अवलंबून राहायचं असेल तर भारतातलं सिम निघण्याआधीच रोमिंगवर सुरू करून घ्यावं लागतं. कॅटलॉग मात्र जपानचा दिसला, आईचे ठरलेले मराठी सिनेमे त्यात नव्हते. मग कीर्तनासाठी यूट्यूब लावलं, आणि तिथे साइन इन न करताच गेस्ट म्हणून पाहिलं. नुसतं पाहायला खातं लागत नाही, तर ते उघडायचं कशाला?

चेकआउटच्या सकाळी ॲपमधून साइन आउट केलं, स्टिक काढली, टीव्ही पुन्हा चॅनेलवर आणून ठेवला. मग विमानतळाच्या गाडीत बसून फोनवर नेटफ्लिक्स खात्यातली उपकरणांची यादी उघडली. तिथून कुठलंही उपकरण लांबूनच साइन आउट करता येतं. स्टिकच विसरून राहिली असती, तर ॲमेझॉनच्या खात्यात Manage Your Content and Devices मध्ये जाऊन तिची नोंदणीही तशीच रद्द करता आली असती.