डोळे पिवळे, लघवी मात्र साफ

सर्जनच्या आवाजातच चिडचिड होती. ‘‘मॅडम, तुमचं मशीन एकदा तपासा. पित्तनलिकेत स्टेंट टाकून १४ दिवस झाले आणि डायरेक्ट बिलिरुबिन अजून ५.८? हा पेशंट मी परत टेबलवर घ्यायचा का?’’

बिलिरुबिन म्हणजे काविळीत रक्तात वाढणारा पिवळा रंग, आणि तो मोजणाऱ्या आमच्या लॅबच्या मशीनचे कंट्रोल नमुने सकाळीच बरोबर आले होते. आकडा चुकीचा नव्हता, आणि खरी अडचण तीच होती.

पेशंट गुळाचे व्यापारी, पन्नाशी ओलांडलेले. कावीळ होऊन महिना उलटल्यावर आमच्याकडे आले. तोवर गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे खेपा झाल्या होत्या. तो हाताला कसला तरी रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि माणूस खूश होऊन घरी जातो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी ते पिवळं होतंच, पण हे कोणी करून बघत नाही. घरी हळद आणि तेल बंद. इकडे अंगाला रात्ररात्र खाज, लघवी कोऱ्या चहासारखी आणि संडास मातकट पांढरी. एवढं ऐकल्यावर रक्त न काढताही निदान जवळजवळ होतं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली आणि तिच्या खालच्या टोकाला खडा दिसला. टोटल बिलिरुबिन १८.४, डायरेक्ट १४.६. एंडोस्कोपीतून खडा काढला आणि पित्त वाहत राहावं म्हणून स्टेंट, म्हणजे छोटी नळी, बसवला. पहिले काही दिवस आकडे धडाधड उतरले, मग रेंगाळले. चौदाव्या दिवशी टोटल ६.४. सर्जनला शंका की स्टेंट तुंबला. मुलाला शंका की डॉक्टरांनी पैसे घेऊन काम अर्धवट सोडलं.

मी म्हटलं, ‘‘ताजी लघवी पाठवा. आत्ता, माझ्यासमोर.’’

लघवीच का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनमधलं हीम उघडतं आणि आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग त्यापासून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. आपल्या शरीरात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम तयार होतं. हे कच्चं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. ते अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून रक्तातून फिरतं आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन सुटत नाही, म्हणून तेही सुटत नाही. त्यामुळे पेशी भराभर फुटल्या, उदाहरणार्थ सिकलसेलमध्ये, तर डोळे पिवळे होतात, पण लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. गिल्बर्ट या जन्मजात दोषातही तेच. तिथे पेशी ठीक असतात, पण यकृतातलं जोडणी करणारं एन्झाइम मुळातच थोडं असतं. उपास घडला किंवा ताप आला की डोळ्यांत पिवळी झाक येते आणि आपोआप जाते.

यकृताच्या पेशीत बिलिरुबिनला ग्लुक्युरोनिक आम्लाचे दोन रेणू जोडले जातात आणि ते पाण्यात विरघळू लागतं. रिपोर्टमधलं ‘डायरेक्ट’ म्हणजे मुख्यतः हे जोडलेलं, आणि ‘इनडायरेक्ट’ म्हणजे कच्चं. मग पेशी ते जोर लावून पित्तात ढकलते. सगळ्या साखळीत ही ढकलण्याची पायरी सर्वांत नाजूक. हिपॅटायटिसमध्ये यकृत बऱ्याचदा जोडणी करू शकतं, पण बाहेर ढकलू शकत नाही; म्हणून तिथेही डायरेक्ट वाढतं. वाटेत खडा अडकला तर जोडलेलं बिलिरुबिन रक्तात परततं आणि विरघळणारं असल्यामुळे मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. तो कोरा चहा त्याचाच. आतड्यात मात्र काही पोहोचत नाही, म्हणून संडासाचा रंग जातो.

बाटली आली. लघवी फिकट पिवळी, साधी. पण नजरेवर विसंबायची माझी तयारी नव्हती. आमच्याकडे स्ट्रिप आहेत, तरी अशा वेळी मी फूशेची चाचणी स्वतः करते. हल्लीच्या टेक्निशियन मुलांना ती फक्त परीक्षेपुरती ठाऊक असते. ५ मिली लघवीत बेरियम क्लोराइड घातलं की पांढरा साका बसतो आणि बिलिरुबिन असेल तर त्याला चिकटतं. गाळून घेतलेल्या त्या साक्यावर फूशेच्या द्रावणाचा एक थेंब सोडायचा. बिलिरुबिन असलं तर त्याचं परत बिलिव्हर्डिन होतं आणि डाग हिरवा उमटतो. भरतीच्या दिवशीच्या लघवीचा डाग पोपटासारखा हिरवा आला होता. आज गाळणकागद पांढराच राहिला. बाटली तासभर उन्हात पडली असती तर या निकालाला काही अर्थ नव्हता, म्हणून तर ताजी मागवली.

दुसऱ्या नळीत एरलिकचं द्रावण घातलं. पाच मिनिटांत गुलाबी छटा. म्हणजे युरोबिलिनोजेन होतं. ते आतड्यातले जंतू बिलिरुबिनपासून बनवतात, त्यातलं थोडं रक्तात शोषलं जाऊन लघवीत येतं. भरतीच्या दिवशी ते अजिबात नव्हतं. पित्त आतड्यात पोहोचत असल्याशिवाय ते परत येणार नाही. वाट मोकळी होती!

मग रक्तात ५.८ डायरेक्ट कुठून? जोडलेलं बिलिरुबिन रक्तात आठवडेच्या आठवडे साचून राहिलं की त्यातलं काही कोणत्याही एन्झाइमशिवाय अल्ब्युमिनला कायमचं चिकटतं. याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. आमच्या नेहमीच्या डायझो पद्धतीत ते डायरेक्ट म्हणूनच मोजलं जातं, पण मूत्रपिंडातून जात नाही आणि यकृतही ते उचलत नाही. अल्ब्युमिन झिजेल तेव्हाच ते जाणार, आणि अल्ब्युमिनचं अर्धायुष्य १९-२० दिवसांचं. गुळाच्या रिकाम्या ढेपेचा वास गोदामात राहतो, तसं हे.

तोच नमुना मी शहरातल्या ड्राय स्लाइड मशीनवर पाठवला. तिथे कच्चं आणि जोडलेलं वेगवेगळं मोजता येतं, उरतं ते डेल्टा. कच्चं ०.९, जोडलेलं ०.६, उरलेलं ४.९ डेल्टा. आमचा डायरेक्टचा आकडा जवळजवळ सगळा डेल्टाचाच होता.

सर्जनला फोन केला. थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, ‘‘ताप नाही, अल्कलाइन फॉस्फेटेज पण उतरतंय. ठीक, थांबतो.’’ त्यांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही. स्टेंट गाळ बसून खरंच तुंबतात, आणि ताप आला असता किंवा पित्त अडलं की वाढणारं फॉस्फेटेज परत चढलं असतं तर मीही लघवीच्या बाटलीवर हटून बसले नसते. मुलाला मात्र समजवणं जमलं नाही. त्याच्या लेखी वडिलांचे डोळे पिवळे म्हणजे कावीळ आहेच. शेवटी मी एवढंच म्हटलं, ‘‘रोज सकाळी लघवी आणि संडासाचा रंग बघत जा. लघवी परत चहासारखी झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी या.’’ हे त्याला पटलं. तीन आठवड्यांनी टोटल २.९ होतं.

मला राहून राहून राग येतो तो रिपोर्टच्या छापील नमुन्याचा. त्यावर टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट असे तीनच रकाने. इनडायरेक्ट तर मोजतही नाही, नुसती वजाबाकी. डेल्टाला जागाच नाही. साध्या हिपॅटायटिसनंतरही लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागून, कारण हेच. तरी दर आठवड्याला कोणीतरी ‘डायरेक्ट का उतरत नाही’ म्हणून पुन्हा रक्त काढायला येतं. पेशंट बरा होत असतो आणि आम्ही त्याला पैसे मोजायला लावून घाबरवत असतो. लांबलेल्या काविळीत रिपोर्टखाली एक ओळीची टीप छापू द्या, असं मी मालकांना सुचवलं. ते म्हणाले, ‘‘टीप छापली की डॉक्टर विचारतात, तुम्ही आम्हाला शिकवता का?’’ त्यामुळे सध्या मी ती ओळ पेनाने लिहिते आणि खाली सही करते.