आमची वाटचाल: दाव्याची नोंद टिपेतून ताळेबंदात कशी आली

आम्ही मोटर चालवणारे कंट्रोल पॅनेल बनवतो. सुरुवातीची कामं लहान होती. पॅनेल बिघडलं तर माणूस पाठवायचा, पार्ट बदलायचा, विषय संपला. मोठे कारखाने गिऱ्हाईक झाल्यावर करारांत नवं कलम आलं: आमच्या दोषामुळे उत्पादन थांबलं तर नुकसानभरपाई. तिथपासून आमच्या हिशेबात ‘अजून न घडलेल्या’ खर्चाचा प्रश्न शिरला.

वॉरंटीचं त्या मानाने सोपं आहे. वर्षात 500 पॅनेल विकली आणि मागच्या अनुभवावरून साधारण 40 किरकोळ दुरुस्तीला, 10 पूर्ण बदलायला येतात असं दिसलं. किरकोळ दुरुस्तीला 2 हजार आणि बदलायला 40 हजार धरले, तर 80 हजार आणि 4 लाख मिळून 4.8 लाख होतात. एकही तक्रार आलेली नसली तरी ही तरतूद, म्हणजे अंदाजे देण्याची खर्चात आगाऊ नोंद, विक्रीच्याच वर्षी करायची, कारण बांधिलकी विक्रीच्या क्षणी निर्माण झालेली असते. कोणतं पॅनेल बिघडेल हे माहीत नसलं, तरी एकूण ढिगाचा अंदाज बांधता येतो.

एकच मोठा दावा आला की ही सरासरी कामाची राहत नाही. एका गिऱ्हाइकाचं पॅनेल जळलं, त्यांची लाइन बंद पडली आणि त्यांनी 40 लाखांचा दावा ठोकला. आमच्या इंजिनिअरांच्या मते त्यांच्याच माणसांनी जादा लोड जोडला होता. वकिलांचंही मत आमच्या बाजूने होतं, पण हरणं अशक्य आहे असं मात्र ते म्हणत नव्हते.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 37 प्रमाणे तरतुदीला तीन गोष्टी लागतात. घडून गेलेल्या घटनेमुळे आज बांधिलकी असावी, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असावी आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता यावा. आमच्याकडे पहिल्याच दोन गोष्टी लंगड्या होत्या. म्हणून त्या वर्षी नफ्यातून काहीच वजा झालं नाही. दाव्याचं स्वरूप, रक्कम आणि अनिश्चितता कशात आहे, एवढं हिशेबांना जोडलेल्या संभाव्य देण्याच्या टिपेत गेलं. शक्यता अगदीच नगण्य असती तर टिपेचीही गरज नव्हती. भागीदारांपैकी एकाला ‘असू दे’ म्हणून 10 लाख बाजूला काढायचे होते. मला ते पटलं नाही. चांगल्या वर्षी असा गुपचूप गल्ला भरायचा आणि वाईट वर्षी तो फोडायचा, म्हणजे कोणत्याच वर्षाचा नफा खरा राहत नाही.

पुढच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे हिशेब पुरे होत असताना न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल आला: टर्मिनलचा स्क्रू आमच्याकडूनच ढिला गेला होता. गंमत म्हणजे अहवाल त्या वर्षअखेरीनंतर दोन महिन्यांनी आला, पण हिशेबांवर सह्या अजून व्हायच्या होत्या. पॅनेल आधीच जळलेलं होतं. वर्षअखेरीला जे खरं होतंच त्याचा पुरावा फक्त उशिरा हाती आला. म्हणून तरतूद त्या संपलेल्या दुसऱ्या वर्षातच करावी लागली. त्याच दोन महिन्यांत दुसरं एखादं पॅनेल जळलं असतं, तर तो खर्च त्या वर्षाचा धरता आला नसता.

रक्कम किती धरायची? ‘बाजू मजबूत आहे’ छापाच्या वकिली पत्रावरून हिशेब होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी विचारलं, कोणत्या निकालाची शक्यता सर्वांत जास्त, आणि त्यात किती द्यावे लागतील? उत्तर आलं: पूर्ण 40 मंजूर होणं कठीण, पण दुरुस्ती आणि बंद काळाचं प्रत्यक्ष नुकसान मिळून 18 लाख. दाव्याची रक्कम ही समोरच्याची मागणी असते, ती आपला अंदाज नव्हे. 18 लाख खर्चात आणि ताळेबंदात गेले. निकाल याहून जड जाऊ शकतो, हे टिपेत राहिलं.

टर्मिनल पुरवणाऱ्याकडून आम्ही वाटा मागत होतो, तेव्हा तरतूद कमी दाखवावी असाही आग्रह झाला. ते चालत नाही. देणं पूर्ण दाखवायचं. येणं जवळजवळ निश्चित झालं तरच ते वेगळी मालमत्ता म्हणून दाखवायचं, तेही तरतुदीच्या रकमेपर्यंतच. त्या वेळी पुरवठादार फोनवर ‘बघू’ म्हणत होता, त्यामुळे त्याच्या नावावर शून्य.

तिसऱ्या वर्षी 21 लाखांवर तडजोड झाली. 18 लाख तरतुदीतून वळते झाले आणि फक्त वरचे 3 लाख त्या वर्षाच्या खर्चात पडले. पुरवठादाराने 9 लाख द्यायचं लेखी कबूल केलं ते त्यानंतर, आणि त्याच वर्षी ते येणं म्हणून वहीत आलं.