अलंकार ओळखताना मी आधी नाव शोधत नाही

कवितेच्या उताऱ्याखाली ‘अधोरेखित ओळींतील अलंकार ओळखा व त्याचा परिणाम लिहा’ असं दिसलं की ओळीत ‘सम’, ‘जणू’, ‘परी’ शोधायचा मोह होतो. मीही बराच काळ तसंच करायचो आणि निम्म्या वेळा चुकायचो. आता मी आधी एकच गोष्ट पाहतो: कवी कशाबद्दल बोलतोय आणि त्यासाठी त्याने काय आणून ठेवलंय? पहिलं उपमेय, दुसरं उपमान. हे दोन शब्द पेपरच्या समासात पेन्सिलीने लिहिल्याशिवाय मी अलंकाराच्या नावाकडे वळतच नाही.

सरावासाठी मीच रचलेला हा उतारा घ्या.

दुपार झाली, वाट झोपली
सर्पासम ती सुस्त पडून;
पाने हलती, जणू कुणाला
हाक मारती हात करून.
नव्हे विहिर ही, धरणीचा हा
डोळा आहे नभी खिळून;
आशादोरी हाती धरुनी
उभी माउली घडा घेऊन.

पहिल्या दोन ओळींत उपमेय वाट, उपमान सर्प. ‘सम’ हा साधर्म्यदर्शक शब्द आहे आणि दोघांमधला समान गुण, म्हणजे साधारण धर्म, ‘सुस्त’ या शब्दाने सांगितलेला आहे. वाट सापासारखी आहे, साप नाही. एवढं नक्की झालं की उपमा. पण त्याच वाक्यात ‘वाट झोपली’ही आहे. झोपणं सजीवाचं, वाट निर्जीव, म्हणून ती चेतनगुणोक्ती. दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात आणि इथेच गोंधळ होतो. अधोरेखा कोणत्या शब्दांखाली आहे ते बघायचं. अधोरेखा नसेल तर ज्या अलंकाराची सगळी अंगं ओळीतल्या शब्दांवर बोट ठेवून दाखवता येतात, तो लिहायचा. इथे तो उपमा.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत पानं हलताहेत हे उपमेय आणि हात करून हाक मारणं हे उपमान. कवी हे दोन सारखे आहेत असं म्हणत नाही, पानं खरंच हाक मारतात असंही ठामपणे म्हणत नाही. ती हाक मारताहेत की काय, असं त्याला वाटतं. ही उत्प्रेक्षा. माझी कसोटी अशी: ‘जणू’ काढून ओळ पुन्हा वाचायची. ‘पाने हाक मारती हात करून’ असं उरतं आणि ती सरळ चेतनगुणोक्ती होते. म्हणजे इथे ‘जणू’ने विधानाची कल्पना केलीय आणि ती कल्पनाच उत्प्रेक्षा आहे.

पाचव्या ओळीत ‘नव्हे’ आलं. उपमेयाला आधी नाकारायचं आणि ते उपमानच आहे म्हणायचं, ही अपन्हुती. मात्र नुसता नकार पुरेसा नाही. ‘वाट ही लांब नव्हे, सोपी आहे’ यातही नकार आहे, पण इथे एका वस्तूच्या जागी दुसरी आलेली नाही, म्हणून अलंकार नाही.

‘आशादोरी’त खुणेचा शब्दच नसल्यामुळे ते नजरेतून निसटतं. विग्रह करून बघा: आशा हीच दोरी. दोन्ही एकच मानले आहेत, म्हणून रूपक. ‘आशेची दोरी’ असं सुटं लिहिलं असतं तरी रूपकच राहिलं असतं. पण ‘पोहऱ्याची दोरी’त नसतं, कारण ती खरोखरची दोरी आहे. दोरी खरी की मानलेली, एवढंच विचारायचं.

खुणेच्या शब्दांचं एक सांगायलाच हवं. ‘परी’ म्हणजे ‘प्रमाणे’ हे पाठ असतं, पण कवितेत ‘परी’ किंवा ‘परि’ पुष्कळदा ‘पण’ या अर्थाने येतो. ‘दिवा विझाला, परि ना विझली आस मनाची’ यात उपमा नाही. शब्दाच्या जागी ‘सारखा’ घालून वाक्य टिकतं का, ते तपासलं की फसगत टळते.

आता परिणाम. गुण इथेच जास्त जातात, कारण ‘अलंकारामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चालतं. मी अलंकार काढून तीच गोष्ट साध्या गद्यात लिहितो आणि काय हरवलं ते पाहतो. ‘विहीर वर उघडी आहे.’ काय गेलं? डोळ्याचा गोल आकार विहिरीच्या तोंडाशी जुळत होता, तो गेला. डोळा वाट पाहतो, विहीर नाही, तीही छटा गेली. आणि सर्वांत मोठं म्हणजे, जिच्याकडे लोक पाण्यासाठी येतात ती विहीरच आभाळाकडे मागणाऱ्याच्या नजरेने पाहते आहे, ही उलटापालट गेली. ‘नव्हे’ या नकारामुळे ती एकदम डोळ्यांपुढे येते. नुसतं ‘डोळ्यासारखी विहीर’ म्हटलं असतं तर तिने असं दचकवलं नसतं.

‘आशादोरी’चंही तसंच. आशेला धागा, किरण असं काहीही म्हणता आलं असतं. दोरीच का? कारण समोर विहीर आहे, हातात घडा आहे आणि तिथे दोरीच लागते. त्यामुळे आशा ही मनातली भावना न राहता पाणी काढायचं साधन बनते. उपमान उताऱ्यातल्याच दृश्यातून आलेलं असेल तर ते उत्तरात जरूर लिहावं, तपासणाऱ्याला तुम्ही उतारा वाचल्याचं त्यातून दिसतं.

याला मर्यादाही आहे. साप म्हटल्यावर विष, भीती, दबा हे सगळं सुचतं आणि ‘वाट धोकादायक आहे’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण उताऱ्यात भीतीचा दुसरा एकही शब्द नाही, आहे ती वाट पाहणं आणि मरगळ. म्हणून सापाचा सुस्तपणा घ्यायचा, फार तर वळणं घ्यायची, विष सोडून द्यायचं. उपमानाची जी छटा इतर ओळी उचलून धरतात तेवढीच परिणामात येते.

यमक आणि अनुप्रास मी शेवटी पाहतो. ‘पडून, करून, खिळून’ हे यमक लगेच दिसतं. ‘सर्पासम ती सुस्त’ मधला ‘स’चा अनुप्रास मी तेव्हाच लिहितो, जेव्हा त्या नादाचा अर्थाशी संबंध एका वाक्यात सांगता येतो. इथे तो येतो: रेंगाळणारा ‘स’ दुपारची मरगळ कानालाही जाणवून देतो.

अपन्हुतीच्या ओळींचं उत्तर मी असं लिहीन: ‘या ओळींत विहीर हे उपमेय व धरणीचा डोळा हे उपमान आहे. “नव्हे” या शब्दाने उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असे सांगितले आहे, म्हणून येथे अपन्हुती अलंकार आहे. त्यामुळे पाणी देणारी विहीरच आभाळाकडे आशेने पाहणारी वाटते आणि घडा घेऊन उभ्या असलेल्या माउलीची प्रतीक्षा साऱ्या धरणीची होते.’ पहिली दोन वाक्यं ओळखीची, तिसरं परिणामाचं. प्रश्नात फक्त ‘ओळखा’ असेल तर मी तिसरं गाळतो.