आमची वाटचाल : सपाट चित्रात खोली आणण्याचं काम

साताऱ्यात आमचं छोटं युनिट आहे, आधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो, मग स्थानिक संस्थांच्या माहितीपटांना ग्राफिक्स द्यायला लागलो आणि आता निम्म्याहून जास्त काम एकाच प्रकारचं येतं. जुना फोटो किंवा हाताने काढलेलं चित्र द्यायचं आणि त्यात कॅमेरा फिरतोय असं वाटायला हवं. थ्रीडी मॉडेल करायला बजेट नसतं, चित्र मात्र छान असतं, मग ते थर थर करून वेगवेगळ्या अंतरावर ठेवायचं आणि कॅमेरा सरकवायचा. ऐकायला सोपं वाटतं म्हणून बरेच जण चित्र कापायलाच बसतात. आमच्याकडे क्रम उलटा आहे, आधी कॅमेरा किती सरकणार ते ठरतं, कात्री नंतर.

का, ते एका कामावरून सांगतो. मेणवलीच्या घाटाचं चित्र होतं, शाळेच्या मुलांसाठीच्या इतिहासाच्या व्हिडिओत वापरायचं होतं. मागे डोंगर आणि आकाश, मग कृष्णेचं पाणी, मध्ये महादेवाच्या देवळाजवळची ती घंटेची छोटी इमारत (घंटा चिमाजीअप्पांच्या 1739 च्या वसईच्या मोहिमेतली), खाली पायऱ्या, पायऱ्यांवर दोनतीन माणसं, आणि अगदी पुढे झाडाची फांदी. आधी दुसऱ्या कुणीतरी त्यावर नुसता झूम टाकून दिला होता आणि संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "दादा, चित्र मोठं होतंय पण आत गेल्यासारखं नाही वाटत." बरोबरच होतं त्यांचं, झूममध्ये सगळंच एका प्रमाणात मोठं होतं, जवळचं लांबचं काही कळत नाही. कॅमेरा जागेवरच ठेवून नुसता वळवला तरी तेच. कॅमेऱ्याने जागा सोडली तरच पुढचं जास्त आणि मागचं कमी सरकतं.

आता आकडे. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये 1920 पिक्सेल रुंदीच्या कॉम्पमध्ये, म्हणजे शॉटच्या चौकटीत, 50 मिमीचा कॅमेरा घेतला की तो चित्रापासून साधारण 2667 पिक्सेल लांब बसतो. पुढेमागे अंतर मोजणाऱ्या Z अक्षावर घंटेची इमारत शून्यावर ठेवली. डोंगर आणखी 2667 मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दुप्पट अंतर. फांदी 1333 पुढे, म्हणजे निम्मं अंतर. कॅमेरा 100 पिक्सेल बाजूला नेला की इमारत स्क्रीनवर 100 सरकते, डोंगर 50 आणि फांदी 200. अंतर दुप्पट तर सरकणं निम्मं, बस एवढंच गणित आहे.

यातूनच रंगवायचं काम किती ते निघतं. फांदी आणि इमारतीच्या सरकण्यात 100 चा फरक आहे म्हणजे फांदीमागची तेवढी इमारत उघडी पडणार, ती चित्रात नाही, कुणीतरी रंगवायला हवी. इमारतीमागे डोंगर 50 उघडा पडणार. आम्ही मूळ चित्र शॉटच्या बरोबर मध्यावर जुळवतो, म्हणजे कॅमेरा डावीकडे 50 पासून उजवीकडे 50 पर्यंत जातो, मग उघडं पडणारं दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं वाटलं जातं आणि चित्रकाराचं काम हलकं होतं. वर थोडी शिल्लक धरायची, ३०-४० पिक्सेल पुरतात. फ्रेमच्या कडेलाही तोच हिशोब, फांदीचा थर दोन्ही बाजूंना 100 जास्त हवा, डोंगराला 25 जास्त असलं तरी चालतं. हे आधी कळलं नाही तर चित्रकार सगळं चित्र मागून पुन्हा रंगवत बसतो किंवा नको तिथे भोक राहतं.

थर मागेपुढे नेले की ते लहानमोठे दिसायला लागतात आणि चित्र विस्कटतं. म्हणून स्केल भरून काढावा लागतो, डोंगर दुप्पट, फांदी निम्मी. Scale वर हे एक्स्प्रेशन टाकतो :

```
d = 2667;
s = (d + transform.position[2]) / d;
[value[0]*s, value[1]*s, value[2]]
```

इथे d मध्ये आकडाच लिहायचा, हलत्या कॅमेऱ्याची पोझिशन जोडली तर कॅमेरा पुढे गेला की सगळे थर एकाच प्रमाणात मोठे होतात, नुसत्या झूमसारखे, आणि आत गेल्याचा परिणामच पुसला जातो. आणि सगळ्या थरांचा कॅनव्हास एकच, अँकर मधोमध, नाहीतर स्केल बरोबर येतो पण वस्तू जागा सोडतात. फोटोशॉप फाइल आणताना Composition निवडायचं, Retain Layer Sizes वालं नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते जमिनीवर. माणूस एका Z वर आणि त्याच्या पायाखालची पायरी दुसऱ्या Z वर असली की कॅमेरा हलताना पाय घसरतात, माणूस बर्फावरून चालल्यासारखा दिसतो आणि हे बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, नुसतं खोटं वाटतं. तपासायला शॉटची पहिली आणि शेवटची फ्रेम आलटूनपालटून बघायची, पावलं त्याच दगडावर आहेत का ते. मेणवलीत पायऱ्यांनी सोय केली, प्रत्येक पायरीची कडा म्हणजे तयार सांधा, तिथे कापून पुढचा, मधला, मागचा असे तीन पट्टे केले आणि ज्या पट्ट्यावर माणूस उभा त्याच Z ला तो बांधला. पाण्याला असा सांधा नाही. ते वरून बघितल्यासारखं वेगळं रंगवून घेतलं आणि आडवं झोपवलं, जवळची कड पायऱ्यांना टेकवली आणि लांबची डोंगराच्या पायथ्याला.

मग थोडं आत जायचं होतं. कॅमेरा 267 पुढे नेला की फांदी सव्वापट होते, इमारत साधारण 1.11 पट, डोंगर जेमतेम 1.05 पट. म्हणून फांदी पहिल्यापासूनच सव्वापटीपेक्षा मोठी काढून मागवायची नाहीतर शेवटी पुचाट, धुरकट दिसते. डोंगर मूळ साइजला चालतो.

शॉट 8 सेकंदांचा, 25 फ्रेमने 200 फ्रेम. फांदी फ्रेमला सरासरी एक पिक्सेल जाते, डोंगर पाव पिक्सेल. पाव पिक्सेलच्या चालीत बारीक रेषा लुकलुकतात, डोंगरावरच्या झाडांच्या कडा किंचित ब्लर केल्या की थांबतं, आणि लांबचं जरा मऊ दिसणं खरंही वाटतं. तिथेच काळा रंग थोडा उचलून निळसर करायचा, दुपारच्या धुक्याइतका. फांदीच्या कडेला मूळ आकाशाची पांढरी रेघ राहते ती मास्क एकदोन पिक्सेल आत घेऊन काढायची. ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांवर एकदमच. जुना फोटो असेल तर आधी त्याचा ग्रेन काढून घ्यायचा, नाहीतर प्रत्येक थराबरोबर त्याचा त्याचा ग्रेन सरकतो आणि कापलेलं उघड दिसतं.

या पद्धतीची हद्दही गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो. इमारतीची बाजूची भिंत यात कधीच दिसणार नाही, थर शेवटी पुठ्ठाच आहे. कॅमेरा 100 ऐवजी 400 नेला की माणसं कागदी बाहुल्या वाटायला लागतात. कुणाला वाड्याला वळसा घालून आत शिरायचं असेल तर ते थ्रीडीचं काम, रेट वेगळा.

आता आमच्या कोटेशनमध्ये रेटच्या वर एक ओळ असते, कॅमेरा कुठून कुठे आणि किती. तिच्यावर सही झाली की मगच चित्रकार ताईंकडे थरांची यादी जाते, प्रत्येक थरापुढे किती पिक्सेल जास्त रंगवायचं ते लिहून.